देवराव मास्तरांचा पाण्याचा नियम

देवराव मास्तरांच्या बुधवारच्या सभेत जी माणसं बसली आहेत ती आजही ओळखू येतात. चारचौघांत वाद पेटतो, कोणीतरी मूळ गोष्ट सोडून भलतीकडे घसरतो, आणि बाकीचे आवाज चढवतात. ही माणसं मात्र गप्प राहून समोरच्या भिंतीकडे बोट करतात. भिंतीवर कॅलेंडर असतं, नाहीतर एखादी पाल असते. त्यांना तिथे पाटी दिसत असते.

उत्तर नागपुरातल्या त्या बस्तीत विहाराला लागून एक खोली होती. वर कवेलूंचं छप्पर, खाली शहाबादी फरशी, आणि छताला एक दिवा. आजूबाजूच्या बऱ्याच घरांत तेव्हा वीज आली नव्हती, त्यामुळे त्या एका दिव्याचा काय थाट होता ते आताच्या माणसांना सांगून पटणार नाही. संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की माणसं केसांतला कापूस झटकत घरी येत, आणि थोड्या वेळाने त्या खोलीत पोरींच्या पाठांतराचा गलका सुरू होई. बुधवारी मात्र पाठांतर बंद. बुधवार मास्तरांचा.

देवराव रामटेके महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळेत मास्तर होते. मूळचे नरखेडकडच्या एका खेड्यातले. किडकिडीत अंगकाठी, पांढरा पायजमा, सदऱ्याच्या खिशात नेहमी खडू. छप्पन साली धम्म स्वीकारला तेव्हा ते तिशीत होते, आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच वेड शिरलं होतं. आपल्या माणसांना नीट वाद घालता आला पाहिजे. भांडता तर सगळ्यांनाच येतं, ते म्हणायचे, त्याला शाळा लागत नाही.

म्हणून बुधवारी सभा. भिंतीला खिळा, खिळ्याला पाटी, पाटीवर त्या दिवसाचा प्रश्न. कोणी विषयाला फाटे फोडले तर ओरडायचं नाही, नुसतं पाटीकडे बोट करायचं. या नियमाची सगळ्यांत जास्त झळ नत्थूला बसली. नत्थू गिरणीत मागावर होता, मनाने सोन्यासारखा, पण त्याची जीभ एका रस्त्याने कधी गेली नाही. एकदा पाटीवर प्रश्न होता, सार्वजनिक नळ कोणत्या कोपऱ्यावर बसवायला सांगावा. नत्थू उठला आणि म्हणाला, "नळाचं काय घेऊन बसले गा, तिकडं चीन चालून येऊन राहिला!" सगळी बोटं एकदम वर गेली. नत्थूने पाटीकडे पाहिलं, डोकं खाजवलं, आणि म्हणाला, "पन चीन आला म्हंजे नळ कुठं राहीन?" हसून हसून लोकांची पोटं दुखली.

मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी नत्थूच्या या प्रश्नावरच धडा घेतला. "नवी गोष्ट काढली का तो फाटाच झाला असं समजू नोका," ते म्हणाले. "आपल्या मनाले एक इचारायचं. हे खरं मानलं, तं पाटीवरच्या प्रश्नाचं उत्तर बदलते का? बदलत असन तं तो मुद्दा. नसन बदलत, तं फाटा." चीन आला काय, न आला काय, नळ पिंपळाकडे बसवायचा की दुकानाकडे हे तसंच राहतं, हे नत्थूला पटलं. निदान त्या बुधवारपुरतं तरी पटलं.

दुसरा नियम पाण्याचा. तो मास्तरांनी कुठून आणला हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ती गोष्ट ते दरवर्षी एकदा सांगत. त्यांच्या गावच्या विहिरीवर त्यांची आई भर उन्हात हात पुढे करून उभी राहायची, कोणी वरून ओतेल तर ओंजळीत घ्यायची. "पानी बाटलं का नाही हे कोनी चाखून पाहिलं होतं?" मास्तर विचारायचे. "आमचा हात लागायच्या आधीच ठरून गेलं होतं, बाटन म्हून." माणसाच्या बोलण्याचंही लोक तसंच करतात, असं त्यांचं म्हणणं. तो तोंड उघडायच्या आधीच सांगून ठेवायचं की हा असला आहे, तसला आहे, याचं ऐकू नका. मग तो बिचारा खरं बोलला तरी ते बाटलेलंच. मास्तर याला बाटवणं म्हणत. सभेत कोणी कोणाला असं बाटवलं, तर बाटवणाऱ्याने कोपऱ्यातल्या माठातून स्वतःच्या हाताने पेलाभर पाणी न्यायचं, ज्याला बाटवलं त्याला द्यायचं, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही. कित्येक तालेवार माणसांना त्या माठापर्यंत जाताना घाम फुटलेला पाहिला असं सांगणारे लोक अजून बस्तीत आहेत.

आता सुमतीची गोष्ट. सासर सोडून ती भावाकडे आली होती. काहून आली, ते तिने कधी सांगितलं नाही, आणि मास्तरांनी कधी विचारलं नाही. भावाचं घर एका खोलीचं, त्यात पाच पोरं आणि एक चूल. भावाने तिला स्वच्छ सांगितलं होतं, मॅट्रिक झालीस तर नोकरी पाहा आणि राहा, नाही झालीस तर आल्या वाटेने परत जा. भाऊ दुष्ट नव्हता, त्याची ऐपत तेवढीच होती. त्या घरात पुस्तक उघडायला जागा नव्हती, म्हणून सुमती त्या दिव्याखाली अभ्यास करायची आणि बदल्यात बस्तीच्या पोरींचा अभ्यास घ्यायची. बुधवारी ती बायकांच्या रांगेत मागे बसे. बोलायची कमी. पण तिचं बोट पाटीकडे गेलं की ते चुकीचं गेलं असं कधी झालं नाही. मास्तरांचा तिच्यावर फार जीव होता. स्वतःच्या लेकीवर असतो तसा.

सदुसष्ट सालच्या संक्रांतीनंतर विहाराच्या पंचांतले रुपराव उठले आणि म्हणाले, ही खोली दुकानाला भाड्याने द्यावी. रुपराव म्हणजे गडगडाटी माणूस. मिशा, मोठा आवाज, कोणाच्या मयताला सर्वांत आधी हजर आणि कोणाच्या लग्नात सर्वांत जास्त जेवणार. तरुणपणी ते कवेलू फेरायचं, म्हणजे छपरावरची कौलं उतरवून पुन्हा बसवायचं काम करत, पुढे किराणा मालाचा धंदा जमला. दुकान त्यांच्या साळ्याला, म्हणजे बायकोच्या भावाला, मिळणार होतं हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी तोंडावर बोलत नव्हतं. रविवारी दुपारी साऱ्या बस्तीची बैठक ठरली.

बैठकीच्या आधीचा आठवडा रुपरावांनी घरोघरी चहा पिण्यात घालवला. खोलीबद्दल ते फारसं बोललेच नाहीत. बोलले सुमतीबद्दल. "रविवारी ते पोरगी बोलन बरं का, मास्तरनं पढवून ठेवली आहे. ज्या बाईले आपलं घर राखता आलं नाही, ते बस्तीची खोली काय राखन?" एवढं म्हणायचं आणि बशीतला चहा फुर्रकन ओढायचा. शनिवारी ही गोष्ट मास्तरांच्या कानावर आली तेव्हा ते न्हाव्यापुढे बसले होते. अर्धी दाढी तशीच ठेवून उठले, असं न्हावी सांगे. मास्तरांच्या जिवाची लाही लाही झाली. पोरगी रविवारी उभी राहील, आणि तिने तोंड उघडायच्या आधीच लोकांनी ठरवलेलं असेल. मॅट्रिकची मार्चची परीक्षा तर तोंडावर आली होती.

रविवारी खोलीत माणूस मावेना. पोरं खिडकीत, बायका दारापर्यंत. कोणाच्या तरी मळ्यातून संत्री आली होती, त्यांच्या सालीचा वास सगळीकडे भरला होता. वडीलधारी म्हणून तुळसाबाईंना मधोमध बसवलं होतं. मास्तर उठले, खिशातून खडू काढला आणि पाटीवर लिहिलं, वाचनाची खोली दुकानाला द्यावी का? इथवर सगळं नियमाप्रमाणे झालं. मग त्यांनी लोकांकडे तोंड फिरवलं, आणि आदल्या दिवसापासून जे घशाशी आलं होतं ते बाहेर पडलं.

"आता रुपराव बोलन," ते म्हणाले. "त्याच्या आधी एक ध्यानात ठेवा. दुकान याच्या साळ्याले भेटून राहिलं. तवा हा कितीही गोड बोलला तरी याच्या एकाही शब्दावर भरोसा ठेवू नोका. काही ऐकूच नोका याचं! अन् याच्या बाजूनं जो कोनी उठन, तो याचा मिंधा झाला समजा!"

काय टाळ्या पडल्या म्हणता! नत्थूने तर शिट्टी वाजवली. रुपराव उठायला निघाले होते ते अर्धे वाकलेलेच राहिले. बोलणार काय? बोलले तर खोटारडे, आणि त्यांच्या बाजूने दुसरा कोणी बोलला तर तो मिंधा. सगळी दारं मास्तरांनी एका दमात लावून टाकली होती. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांना सभा जिंकल्याची नशा आली, आणि ती गोड लागली, हे त्यांनी पुढे कधी नाकारलं नाही.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून सुमती उठली. पाटीकडे तिने पाहिलंही नाही. माणसांतून वाट काढत ती कोपऱ्यातल्या माठाशी गेली, पेला भरला, आणि आणून मास्तरांच्या पुढ्यात ठेवला.

टाळ्या विरल्या. मास्तरांना आधी वाटलं, पोरीने आपल्याला प्यायला पाणी आणलं. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

"बाटवलं तुमी, गुरुजी," ती म्हणाली.

"सुमती, बस खाली." मास्तर दबल्या आवाजात म्हणाले. "तुह्यासाठीच बोलून राहिलो मी, समजत नाही काय?"

"समजते." ती बसली नाही. "साळ्याची गोष्ट खरी आहे. ते लोकायले समजलीच पायजे, ते सांगनं काही वाईट नाही. ते ऐकून लोकायनं रुपरावभाऊचं बोलनं अजून बारीक तपासावं. पन तुमी तं ऐकूच नोका म्हनलं. माह्याबद्दल आठवडाभर घरोघरी तेच सांगून झालं, का इचं ऐकू नोका. मंग त्यायच्यात अन् आपल्यात फरक काय राहिला?"

तिच्याबद्दल घरोघरी काय सांगितलं गेलं होतं ते तिला ठाऊक आहे, हेच मुळी लोकांना ठाऊक नव्हतं. ज्यांनी ज्यांनी तो चहा पाजला होता ते सगळे खाली पाहू लागले.

तुळसाबाईंना कमी ऐकू येई, पण पेला दिसत होता. "मास्तर," त्या म्हणाल्या, "पानी गरम होऊन राहिलं."

मास्तरांनी पेला उचलला. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कितीसं अंतर! पण त्यांना ते संपेना. लाजेने कानशिलं तापली होती, आणि सुमतीचा रागही आला होता, खोटं कशाला बोला. रुपरावांपुढे पोचल्यावर त्यांनी पेला पुढे केला, तेव्हा रुपरावांनी सवयीने ओंजळ पुढे केली. तेही खेड्यातूनच आले होते. त्या दोन जोडलेल्या तळव्यांकडे पाहून मास्तरांना आई आठवली, आणि त्यांचा सगळा राग उतरला. त्यांनी पेलाच रुपरावांच्या हातात दिला.

रुपरावांनी पेल्यात डोकावून पाहिलं. "इष तं नाही ना याच्यात, मास्तर?" सारी खोली हसली, मास्तरसुद्धा हसले. रुपराव घटाघटा प्यायले आणि बोलायला उभे राहिले. मास्तर नियमाप्रमाणे तोंड मिटून बसले.

रुपराव म्हणाले, विहाराचं छत गळतं, गेल्या पावसात बुद्धमूर्तीवर छत्री धरावी लागली, भाड्याच्या पैशातून छत होईल. यावर कोणाचं बोट वर गेलं नाही. मुद्दा होता, पाटीवरचाच होता. लोक माना डोलावू लागले तसे रुपराव रंगात आले. मग निघाला नाल्याकाठी बिड्या ओढणाऱ्या पोरांचा विषय. नत्थूचं बोट वर गेलं. होय, नत्थूचं! रुपरावांनी ते झटकलं आणि गिरणीच्या संपावर गेले, संपात कोण फुटलं होतं ते सांगू लागले. आणखी बोटं वर गेली. मग आवाज चढवून त्यांनी विचारलं, आपल्या बापजाद्यांनी सोसलं ते काय यासाठी? आता सगळ्या खोलीची बोटं पाटीकडे होती, खिडकीतल्या पोरांचीही. रुपरावांनी वळून पाटी वाचली. दोनदा वाचली असावी. "बस," ते म्हणाले, "छताचं तेवढं माझं म्हननं आहे," आणि खाली बसले.

सुमती उठली तेव्हा लोक ऐकायला बसले होते. आठवडाभराच्या चहाचा अंमल उतरला होता. जी पोरगी आपल्या विरोधकाला बोलू देण्यासाठी स्वतःच्या गुरूला अडवते, तिच्याबद्दल कोणी काय सांगितलं होतं ते कोणाला आठवत असलं तरी आठवायची लाज वाटत होती.

"छताची गोष्ट खरी आहे," ती म्हणाली. "तिचं उत्तर देल्लंच पायजे. पन छताले पैसाच लागते काय? कवेलू फेरायले हात लागतात. एकेका घरानं एकेक रविवार द्यावा. अन् रुपरावभाऊ, कवेलू फेरनं तुमच्यासारखं या बस्तीत कोनाले येते? दुकान कुठंही निघन. दिव्याची खोली आमाले दुसरी नाही." नंतर काहीतरी बोलायचं होतं तिला, पण रडू आलं, म्हणून बसली. भावाने काय अट घातली होती ते तिने सांगितलंच नाही. मास्तरांच्या जिभेवर आलं होतं सांगावं, लोकांना गलबलून आलं असतं. पण पाटीवर तो प्रश्न नव्हता.

हात वर करून निकाल झाला आणि खोली राहिली. रुपरावांनी हात कोणत्याच बाजूने वर केला नाही. वैशाखात मात्र ते उघड्या अंगाने विहारावर चढले, आणि खालून कवेलू देणाऱ्यांना अशा शिव्या दिल्या की भिक्खूंनी कानावर हात ठेवले.

मास्तर किती मोठ्या मनाचे म्हणून तुम्ही कौतुक करायला निघाला असाल तर थोडं थांबा. ते रुसले होते. फेब्रुवारीभर सुमतीशी नीट बोलले नाहीत, बुधवारी नुसतं पाटीवर लिहून बसायचे. परीक्षेच्या सकाळी मात्र ती केंद्राच्या फाटकाशी पोचली तेव्हा सायकलला टेकून मास्तर उभे होते, हातात सोललेलं संत्रं. "खाऊन घे," म्हणाले. "घसा कोरडा नोको." जूनमध्ये ती पास झाली. भावाने पेढे वाटले आणि परत जायचं नाव कोणी काढलं नाही. ती शिक्षिका झाली, उमरेडकडे नोकरी लागली.

त्र्याऐंशी साली मास्तर निवृत्त झाले तेव्हा सत्कार त्याच खोलीत झाला. गिरणीचे दिवस फिरले होते, घरोघरी दिवे आले होते, आणि बुधवारी टीव्हीवर काय लागतं याची चर्चा व्हायची. सभा केव्हाच विरळ झाली होती. पाटी होती. सुमती एसटीने आली होती, केसांत पांढरं डोकावत होतं. नव्या पिढीतला कृष्णकांत सूत्रसंचालन करत होता. हुशार पोरगा, पण माईक हातात आला की चेव यायचा. रुपरावांचं नाव पुकारताना तो म्हणाला, "आता बोलतील रुपराव, ज्यांनी एके काळी ही खोली गिळायला काढली होती. ते आज काय गुणगान करतात, जरा सांभाळूनच ऐकू या!"

नवी माणसं हसली. जुनी हसली नाहीत. सुमतीने माठाकडे पाहिलं आणि कृष्णकांतकडे पाहिलं. त्याला कोणीतरी कानात सांगितलं, तसा तो लाजला, पेला भरून रुपरावांकडे गेला. रुपराव आता काठी टेकत. त्यांनी मान हलवली.

"तुह्या हातचं नोको, बेटा. मास्तरच्या हातचं पायजे."

मास्तर उठले. गुडघे धरले होते, अर्धं पाणी वाटेत सांडलं. उरलेलं रुपरावांनी सावकाश संपवलं, पेला परत दिला, आणि माईक बाजूला सारला. त्यांच्या आवाजाला माईक कधी लागला नव्हता.

"त्या दिवशी यायनं मले बोलू देल्लं नसतं," ते म्हणाले, "तं मी जनमभर सांगत फिरलो असतो, का मास्तरनं माह्यं तोंड दाबलं म्हून मी हरलो. अर्धी बस्ती माह्याकडून झाली असती. पन मले पोटभर बोलू देल्लं. अन् बोलता बोलता मलेच ऐकू आलं, का माह्याजवळ मुद्दा एकच आहे. छत. अन् ते तं मलेच दुरुस्त करता येत होतं."

मास्तर रडले. सगळ्यांसमोर, पोरासारखे. हारतुरे झाले, भाषणं झाली, शाल पांघरली गेली, आणि रिकामा पेला त्यांनी सभा संपेपर्यंत खाली ठेवला नाही.